कूपन लावल्यावर बिल वाढतं, पोहोचवणावळीचं कोष्टक तपासायला हवं

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,
पुस्तकविक्रीच्या पानावर एका सभासदाने 1,640 ची पुस्तकं घेतली. 1,500 च्या पुढे घरपोच मोफत, म्हणून बिल 1,640. मग त्यांनी दहा टक्क्यांचं कूपन लावलं आणि बिल झालं 1,746! रक्कम 1,476 वर आली, मोफतची मर्यादा हुकली आणि 270 पोहोचवणावळ लागली. पत्ता तिसऱ्या, म्हणजे लांबच्या पट्ट्यातला. पार्सल खोक्यासकट 4,250 ग्रॅम. हिशोब बरोबर आहे, पण सभासदाला तो सांगायचा कसा?

प्रेषक: सुहास

सोपं आहे. वजनाची भानगडच नको, रकमेवरच ठरवा. आणि वजन ठेवायचंच असेल तर खोक्याचं वजन विसरू नका, आणि प्रत्येक पुस्तक पुढच्या पूर्ण किलोत धरून बेरीज करा. म्हणजे आपण कधीच तोट्यात जात नाही.

प्रेषक: अविनाश

सुहास, खोक्याचं म्हणतोस ते अगदी खरं. पण पुस्तकागणिक वर ओढू नकोस. 400 ग्रॅमची तीन पुस्तकं तुझ्या हिशोबाने तीन किलो होतील, प्रत्यक्षात 1,200 ग्रॅम, म्हणजे दोन किलोचा टप्पा. आधी सगळी बेरीज, मग एकदाच वर. आणि वजनं ग्रॅममध्ये, पूर्णांकातच ठेवा. किलोत दशांश ठेवले की बेरजेत कुठेतरी कणभर जास्त येतं आणि बरोबर तीन किलोचं पार्सल चार किलोत ढकललं जातं.

मेधाताई, मुळात दुखणं वेगळीकडे आहे. आपल्या कोष्टकात पहिल्या किलोला पट्ट्यानुसार 40, 60, 90 आणि पुढच्या प्रत्येक किलोला 15, 25, 45 आहेत. म्हणजे तेच पाच किलोच्या टप्प्यातलं पार्सल जवळच्या पट्ट्यात 40 + 60 = 100 ला जातं आणि लांबच्या पट्ट्यात 90 + 180 = 270 ला. मोफत म्हणताना आपण दोन्ही एकाच मापाने माफ करतो. शेकडा वीस सुटतात असं धरलं, तर 1,640 वर 328. त्यातून 270 गेले की 58 उरले, आणि खोकं-टेप अजून त्यातूनच जायचं.

म्हणून मर्यादा ओलांडल्यावर पोहोचवणावळ शून्य करण्याऐवजी ठरावीक 100 कमी करावेत:

```
kg = max(1, ceil(grams / 1000))
charge = base[zone] + (kg - 1) * step[zone]
if value >= 1500:
    charge = max(0, charge - 100)
```

आता तीच ऑर्डर कूपनशिवाय 1,640 + 170 = 1,810, आणि कूपन लावून 1,746. जवळच्या पट्ट्यात 1,640 आणि 1,576. दोन्हीकडे कूपनचा 64 फायदा होतो. पानावर मात्र ‘मोफत’ हा शब्द काढून ‘100 पर्यंत माफ’ लिहावं लागेल, नाहीतर लांबचे सभासद बरोब्बर भांडतील.

प्रेषक: शैला

मी मागे एक मोठा दिव्याचा घुमट पाठवला. वजन जेमतेम तीन किलो, आणि कुरिअरवाल्याने वीस किलोचे पैसे घेतले. तुमच्या कोष्टकात हे कुठेच दिसत नाही, नंतर अंगाशी येईल.

प्रेषक: अविनाश

शैलाकाकू, ते आकारमानाचं वजन. बरेच कुरिअर लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन 5000 ने भागतात आणि खऱ्या वजनाशी ताडून जे जास्त असेल ते लावतात. खोकं 60 × 40 × 40 असेल तर 19.2 किलो, म्हणजे वीसच. पुस्तकं भरीव असतात. आपलं 30 × 22 × 15 चं खोकं त्या मापाने दोन किलोही भरत नाही, त्यामुळे खरं वजनच चालतं. दिनदर्शिकांच्या लांबलचक नळ्या विकायला घेतल्या तर मात्र हे घालावंच लागेल.

प्रेषक: मेधा

पटलं, पण एक जागा राहतेच. 1,520 च्या ऑर्डरवर 50 चं कूपन लावलं की 1,470 होतात. 50 वाचले आणि 100 ची माफी गेली. म्हणजे कूपन पुन्हा महागात. मर्यादा कूपनआधीच्या रकमेवर मोजली तर?

प्रेषक: सुहास

मग चाळीस टक्क्यांचं कूपन लावून 1,500 ची ऑर्डर 900 ला नेणाऱ्यालाही 100 माफ. तिथे आपल्याला काय सुटणार?

प्रेषक: अविनाश

आपली कूपनं दहा टक्क्यांच्या वर जात नाहीत तोवर कूपनआधीचीच रक्कम धरावी असं माझं मत. मोठी सवलत द्यायची असेल तेव्हा ‘या कूपनबरोबर माफी नाही’ असं त्या कूपनावरच लिहावं. परतीचा प्रश्न उरतोच: तीन पुस्तकं मागवून मर्यादा गाठली आणि दोन परत केली, तर माफ केलेले 100 परताव्यातून कापायचे का? मी म्हणेन, पुस्तक फाटकं निघालं तर नाही, नुसतं आवडलं नाही तर हो. पण हे आधी पानावर लिहिलेलं हवं.

प्रेषक: मेधा

परतीचं बैठकीत ठेवते, त्यावर सगळ्यांचं एकमत होईलसं वाटत नाही. कोष्टक आज रात्री बदलते. सुहास, जुन्या ऑर्डरी नव्या सूत्रातून काढून बघशील का? 1,499 ची ऑर्डर, 1,500 ची ऑर्डर आणि बरोबर 2,000 ग्रॅमचं पार्सल ही तीन उदाहरणं तरी नक्की घे.