रजिस्टर फाइल: त्याच सायकलला लिहिलं आणि वाचलं, तर वाचणाऱ्याला काय दिसावं?

अमळनेरकर: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून पाच टप्प्यांचा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर व्हेरिलॉगमध्ये लिहितोय. फॉरवर्डिंग केलंय, तरी खालच्या चार ओळींत `x8` मध्ये 8 ऐवजी 1 येतो. मधली `x7` ची ओळ काढली तर उत्तर बरोबर, पहिल्या ओळीनंतर एक `nop` जास्त घातला तरी बरोबर. चूक फॉरवर्डिंगची की रजिस्टर फाइलची? आणि ती बायपासने सोडवू की क्लॉकच्या उतरत्या कडेवर लिहून?

```
addi x5, x0, 7
addi x6, x0, 1
addi x7, x0, 2
add  x8, x5, x6
```

तापीकाठ: फॉरवर्डिंगला हात लावू नकोस, ते बरोबर चाललंय. बोटांवर सायकली मोज. पहिली ओळ पाचव्या सायकलला WB मध्ये पोचते. चौथी ओळ त्याच पाचव्या सायकलला ID मध्ये `x5` वाचते. `rf[wa] <= wd` हे लिहिणं मात्र सायकल संपतानाच्या कडेवर होतं, आणि त्याच कडेवर ID/EX रजिस्टर वाचलेला आकडा पकडतं. म्हणजे पकडला गेला तो जुना 0. सहाव्या सायकलला `add` EX मध्ये येतो तोवर पहिली ओळ पाइपलाइनमधून निघून गेलेली असते. फॉरवर्डिंगला आता दिसतात फक्त `x6` आणि `x7` वाल्या ओळी. `x6` चा 1 मिळाला, `x5` चा 7 कुणाच्याच हाती उरला नाही. 0 आणि 1 मिळून 1.

ही खूण लक्षात ठेव: लिहिणारी आणि वाचणारी ओळ यांच्यामध्ये बरोबर दोन ओळी असल्या तरच चुकतं. एक असली तर फॉरवर्डिंग सांभाळतं, तीन असल्या तर आकडा फाइलमध्ये पोचलेला असतो. माझं मत बायपासचं:

```
assign rd1 = (ra1 == 5'd0)      ? 32'd0 :
             (we && wa == ra1)  ? wd    :
                                  rf[ra1];
```

दुसऱ्या वाचन-पोर्टलाही हेच लागेल. बरेच जण एकाच पोर्टला लावतात, आणि मग `add x8, x5, x6` चालतं पण `add x8, x6, x5` चुकतं.

भुसावळ_जंक्शन: मी अनेक वर्षं हा विषय शिकवतो आणि मला हे पटत नाही. सायकलच्या पहिल्या अर्ध्यात लिहा, दुसऱ्या अर्ध्यात वाचा, हे मिप्सच्या काळापासून शिकवलं जातं. `posedge` चं `negedge` करा, एका शब्दात काम संपलं. तुलना करणारं सर्किट नको, mux नको. नाहीतर `<=` ऐवजी `=` वापरा, तेवढ्यानेही लगेच नवा आकडा दिसतो, मी स्वतः सिम्युलेशनमध्ये पाहिलंय.

तापीकाठ: सर, `negedge` चा मुद्दा खरा आहे, त्याने उत्तर 8 च येईल. पण `=` चा सल्ला कृपया मुलांना देऊ नका. त्याच कडेवर दोन `always` ब्लॉक जागे होतात, एक फाइलमध्ये लिहितो, दुसरा ID/EX भरतो. आधी कोण चालेल हे भाषेने ठरवून दिलेलं नाही. तुमच्या सिम्युलेटरने लिहिणारा आधी चालवला म्हणून 8 दिसला असेल. बोर्डावर मात्र त्याचे फ्लिपफ्लॉपच होतात, आणि तिथे जुनाच आकडा येतो. सिम्युलेशनला पास आणि बोर्डावर नापास, ही सगळ्यात वाईट चूक. शोधता शोधता आठवडा जातो.

केळीवाला_रावेर: राम राम मंडळी. आमच्याकडे ठिबकच्या पंपाच्या मीटरचंही असंच होतं. 32 बिटांचं रीडिंग 16-16 च्या दोन रजिस्टरांत असतं. पीएलसी ते वाचत असतानाच मीटर आकडा बदलतं, आणि मधेच एखादं रीडिंग भलतंच उसळतं. यालाही बायपास लावता येईल का?

तापीकाठ: तुमचं दुखणं वेगळं आहे, भो. तुम्हाला अर्धा जुना, अर्धा नवा असा फाटलेला आकडा मिळतो. मीटर परवानगी देत असेल तर दोन्ही रजिस्टरं एकाच विनंतीत मागा. इथे आकडा कधीच फाटत नाही, तो अख्खा जुना असतो किंवा अख्खा नवा. कोणता, एवढंच ठरवायचं असतं.

केळीवाला_रावेर: असं होय. म्हणजे फळ्यावर केळीचा कालचा भाव आहे, मुनीम खडू घेऊन आजचा लिहायला निघालाय, आणि कुणी भाव विचारला तर त्याने फळ्याकडे न बघता हातातल्या चिठ्ठीवरचा सांगायचा. हाच बायपास ना?

तापीकाठ: अगदी हाच. फक्त चिठ्ठी विचारलेल्याच मालाची आहे ना, ते `wa == ra1` ने बघायचं, आणि मुनीम खरंच लिहायला निघालाय ना, ते `we` ने. `we` विसरलात तर `sw` सारखी ओळ WB मधून जाताना तिच्या `rd` च्या जागेवरचे बिट पत्ता समजले जातात आणि कचरा पुढे जातो.

भुसावळ_जंक्शन: `=` बद्दल तुमचं मान्य, ते मी मागे घेतो. `negedge` मात्र सोडणार नाही. मुलांचे बोर्ड 25 मेगाहर्ट्झवर चालतात. 40 नॅनोसेकंदांपैकी अर्धे 20 लिहायला पुरून उरतात.

तापीकाठ: 25 ला पुरतात, सर. 100 ला सायकल 10 नॅनोसेकंदांची, हातात 5. तेवढ्यात WB चा mux मेमरीचा आकडा की एएलयूचा ते निवडणार आणि आकडा फाइलपर्यंत पोचणार. उरलेल्या 5 मध्ये वाचन, आणि ब्रँचचा निर्णय ID मध्येच घेत असाल तर ती तुलनाही. बायपासमध्ये `wd` ला पूर्ण सायकल मिळते.

भुसावळ_जंक्शन: पण त्या ब्रँचच्या वाटेवर तुमचा mux ही बसतोच की! तो फुकट नाही.

तापीकाठ: नाही, फुकट नाही. ब्रँच ID मध्ये असेल तर माझीही वाट लांबते, हे खरं.

साक्रीची_मेघा: दोघेही धरून चाललात की वाचन लगेच होतं. फाइल ब्लॉक रॅममध्ये गेली तर वाचनही कडेवर होतं, आणि `rf[ra1]` चा आकडा पुढच्या सायकलला येतो. तेव्हा वरचा बायपास एक सायकल आधीच बोलून जाईल. त्या कडेला पत्ते जुळले होते का, आणि `wd` काय होतं, हे दोन्ही साठवून पुढच्या सायकलला निवड करावी लागते. रॅमच्या `WRITE_FIRST` वर विसंबू नका. ते नाव लिहिणाऱ्या पोर्टच्या स्वतःच्या आउटपुटबद्दल आहे. झायलिंक्सच्या 7 मालिकेत दुसऱ्या पोर्टने त्याच पत्त्यावर त्याच वेळी वाचलं, तर लिहिणारा पोर्ट `READ_FIRST` असेल तेव्हाच जुना आकडा खात्रीने मिळतो. नाहीतर जे येईल त्यावर भरवसा नाही.

मी यात स्वतः फसलेय. स्टॉलमध्ये रॅमचं वाचन थांबवलं होतं, आणि थांबलेल्या सायकलींत कुणी त्याच रजिस्टरला लिहून गेलं. स्टॉल सुटल्यावर ID ला शिळा आकडा मिळाला. आता मी स्टॉलमध्येही दर सायकलला पत्ता पुन्हा देते.

अमळनेरकर: बायपास लावला, `x8` मध्ये 8 आला. पण आता एक नवीनच गोष्ट. `addi x0, x0, 5` नंतर दोन ओळी सोडून `x0` वाचला की 5 येतो.

तापीकाठ: `x0` ची तपासणी बायपासच्या खाली लिहिली असशील. ती सर्वात वर घे. `wa` 0 आणि `ra1` 0, म्हणजे पत्ते जुळलेच. फाइलने ते लिहिणं टाळलं, पण बायपासने तो आकडा वाचणाऱ्याच्या हातात दिला. फॉरवर्डिंगमध्येही हीच तपासणी आहे का, ते मधली एक ओळ काढून पाहा.

अमळनेरकर: वर घेतली, `x0` आता 0. पण एक ओळ काढली की अजून 5 येतोय. म्हणजे फॉरवर्डिंगमध्येही राहिलीच होती. मेघाताई, माझी फाइल टूलने लट-रॅममध्ये टाकली आहे की ब्लॉक रॅममध्ये, हे कुठे दिसेल?

साक्रीची_मेघा: सिंथेसिसच्या रिपोर्टमध्ये रॅमचा तक्ता असतो, तिथे बघ. तू `assign` ने वाचतोयस, म्हणजे ब्लॉक रॅम होणारच नाही, त्याला वाचन कडेवरच लागतं.

भुसावळ_जंक्शन: अमळनेरकर, वेळ मिळाला तर एकदा `negedge` नेही करून पाहा, आणि दोन्हींचे टायमिंग रिपोर्ट इथे टाका. ब्रँच ID मध्ये ठेवूनच.