शब्दचर्चा : ‘ध्वनिमुद्रणांचा वापर’ यात आवाज येतो का?

धरमपेठकर

मंडळी, प्रश्न शब्दांचाच आहे, पण अडलाय एका जुन्या कागदावर. नागपुरात आम्ही काही जण दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी बोलकी पुस्तकं करतो. एका निवृत्त शिक्षिकेनं, इथे नुसतं ‘बाई’ म्हणतो, १९९० च्या आसपास आमच्यासाठी कॅसेटवर पुष्कळ वाचन केलं. आता त्यांचं वय ८१ आहे आणि सलग वाचायला बसलं की दम लागतो. कार्यकारिणीचं म्हणणं असं की, त्या कॅसेटींवरून बाईंचा आवाज संगणकावर तयार करावा आणि इतिहासाचं नवं पुस्तक त्यातच काढावं. बाईंनी तेव्हा ज्या कागदावर सही केली त्यात वाक्य आहे : “माझ्या ध्वनिमुद्रणांचा वापर संस्थेस शैक्षणिक कार्यासाठी कोणत्याही स्वरूपात करता येईल.”

‘कोणत्याही स्वरूपात’ या शब्दांत हे बसतं का? आणि कॅसेटच्या सुरुवातीला आम्ही ‘वाचन : अमुक’ असं सांगायचो. आता तिथे काय सांगायचं?

इतवारीचा बावा

भाऊ, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिले. नकला करणारे स्टेजवर पुढाऱ्यांचा आवाज काढतात, ते काय परवानगीचा कागद घेऊन फिरतात का? लोक हसतात, घरी जातात. बाईंचा आवाज काढला तर काय बिघडते?

महालची रेखा

बावा, नकलाकार समोर उभा असतो. हा दुसराच माणूस आहे हे सगळ्यांना दिसतं. इथे ऐकणारा मुलगा बाईंनीच वाचलं असं समजणार. दोन्ही गोष्टी एका मापानं कशा मोजायच्या?

वकीलकाका

धरमपेठकर, कागद तुमच्या बाजूनं आहे. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते तयार करणाऱ्याचा, म्हणजे संस्थेचा, आणि तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकतो. कॅसेट तुमची, वर ‘कोणत्याही स्वरूपात’ असंही लिहून घेतलंय. सीडी करा, मोबाइलवर टाका, काहीही करा. नव्यानं विचारायची गरज मला दिसत नाही.

ध्वनितंत्री

काका, पहिलं अर्धं बरोबर आहे, पण त्यावरून दुसरं निघत नाही. ‘ध्वनिमुद्रण’ म्हणजे एका दिवशी, एका मजकुराचं झालेलं वाचन. त्याचं स्वरूप बदलणं म्हणजे कॅसेटची सीडी करणं, खरखर काढणं, प्रकरणं पाडणं. त्यात बाईंनी म्हटलेलं वाक्य तेच राहतं. इथे बाईंनी कधीच न म्हटलेली वाक्यं तयार होणार आहेत. वापर ध्वनिमुद्रणाचा होत नाहीये, त्यातून बोलण्याची ढब उचलून ती दुसऱ्याच मजकुराला लावली जातेय. १९९० मध्ये सही करताना असलं काही होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. जे माहीतच नव्हतं त्याला होकार दिला असं कसं म्हणणार?

आणि कॉपीराइट हा एकच हक्क नाही. कॉपीराइट कायद्यातच वाचणाऱ्याचा, गाणाऱ्याचा कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे, तो ५० वर्षांचा. शिवाय जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या प्रकरणात अंतरिम आदेश दिला. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करून देणाऱ्यांना कोर्टानं रोखलं. तिथे प्रश्न एखाद्या गाण्याच्या मालकीचा नव्हता, आवाजाचा होता.

वकीलकाका

ते प्रसिद्ध गायक आहेत हो. त्यांच्या आवाजाला बाजारात किंमत आहे. बाईंना तोच आदेश जसाच्या तसा लागू होईल असं मी तरी म्हणणार नाही. पण कागदाबद्दलचा तुमचा मुद्दा पटला. ‘स्वरूप’ हा शब्द तिथे माध्यमापुरताच घ्यावा लागेल.

महालची रेखा

थोडं विषय सोडून विचारते. माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी मेसेज आहेत माझ्याकडे, बहुतेक ‘पोचलीस का’ एवढेच. माझा भाऊ म्हणतो, त्यावरून त्यांचा आवाज करून भाचीच्या लग्नात आशीर्वाद ऐकवू. मला ते ऐकवणार नाही, पण नाही म्हणायचा मला हक्क आहे का?

ध्वनितंत्री

रेखाताई, इथे कायद्याचा आधार तोकडा आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं की, व्यक्तिमत्त्वाचे असे हक्क माणसाबरोबरच संपतात, ते वारशानं येत नाहीत. तरीही व्यवहारात चांगली माणसं घरच्यांना विचारतात. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात दिवंगत गायक बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज वापरले. तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली, मानधन दिलं आणि हे स्वतः जाहीर सांगितलं. तुमच्या घरी मात्र वारसच दोन आणि मतंही दोन. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बाई हयात आहेत हे धरमपेठकरांचं भाग्य. अनुमान काढत बसायला नको, सरळ विचारता येतं.

धरमपेठकर

विचारायचं ठरलंच. पण विचारायचं काय? ‘तुमचा आवाज वापरू का’ म्हटलं तर बाई ‘वापरा की’ म्हणून मोकळ्या होतील. त्यांचा स्वभावच तसा आहे.

ध्वनितंत्री

म्हणूनच आधी त्यांना ऐकवा. दोन मिनिटांचा नमुना तयार करा, तो फक्त त्यांच्यासमोर वाजवा, आणि त्या नाही म्हणाल्या तर तिथेच पुसून टाका. नमुन्याला मिनिटभराचा स्वच्छ आवाजही पुरतो. पुस्तकभर नीट वाचायचं तर किमान अर्ध्या तासाचं, शक्यतो त्याहून जास्त, खरखर नसलेलं वाचन लागतं.

ऐकून झाल्यावर कागदावर ‘आवाज’ हा शब्द स्पष्ट आला पाहिजे. मी असं लिहीन : “माझ्या जुन्या वाचनावरून माझ्यासारखा कृत्रिम आवाज तयार करण्यास आणि त्यात खालील पुस्तके वाचून घेण्यास माझी संमती आहे.” खाली पुस्तकांची नावं लिहा. नुसतं ‘शैक्षणिक कार्य’ म्हटलं तर उद्या कुणी त्याच आवाजात देणगीचं आवाहन काढेल आणि तेही शैक्षणिकच म्हणेल. तयार झालेलं मॉडेल कुणाच्या संगणकावर राहणार, बाईंनी नको म्हटल्यावर ते पुसणार का, आणि त्यांच्यानंतर नवं पुस्तक निघणार का, हेही त्याच कागदावर घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात संमती मागे घेता येते, पण आधी झालेलं काम त्यामुळे बेकायदा ठरत नाही. म्हणजे वाटून झालेल्या फाइलींचं काय, हे तुम्हालाच बाईंशी ठरवावं लागेल.

एक अडचण आधीच सांगतो. आवाज तयार करून देणाऱ्या काही सेवा त्याच माणसाकडून, त्याच्याच तोंडून संमतीचं वाक्य रेकॉर्ड करून मागतात आणि ते नमुन्याशी ताडून पाहतात. बाईंचा आजचा आवाज आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा आवाज जुळेलच असं नाही.

इतवारीचा बावा

म्हणजे बाई खुद्द हो म्हणून राहिल्या आणि मशीन म्हणते ह्या बाई नाहीत! हे बरंय.

शुद्धलेखन

मला लेबलच्या शब्दाबद्दल बोलायचंय. ‘वाचन : अमुक’ हे आता सरळ खोटं होईल, कारण बाईंनी ते पुस्तक वाचलंच नाही. ‘अमुक यांच्या आवाजात’ हे ऐकायला गोड आहे आणि तिथेच फसवतं. ‘लताबाईंच्या आवाजात’ म्हटलं की त्या स्वतः गायल्या असाच अर्थ आपण घेतो. ‘संश्लेषित स्वर’ बरोबर आहे, पण आठवीतल्या मुलाला कळणार नाही. मी म्हणेन, ‘हा आवाज संगणकावर तयार केलेला आहे’ हे आधी यावं, कुणाच्या आवाजावरून ते मागाहून.

वकीलकाका

लेबल लागतंच का पण? फेब्रुवारी २०२६ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती झाली, त्यात सुलभतेच्या कामाला सूट आहे. दृष्टिहीनांसाठीचं पुस्तक म्हणजे सुलभताच की.

ध्वनितंत्री

ती सूट मूळ मजकुरात मोडतोड न करता तो अधिक सुलभ करण्याला आहे. जुन्या कॅसेटची खरखर काढली तर तुम्ही त्यात बसाल. न झालेलं वाचन झाल्यासारखं ऐकवणं त्यात बसवणं मला कठीण वाटतं. ते नियम मुख्यतः ऑनलाइन मंचांसाठी आहेत हे खरं, पण आवाजासाठी त्यांनी सांगितलेली पद्धत तुमच्या फार कामाची आहे : सूचना आवाजाच्या आधी, ऐकू येईल अशी. २०२५ च्या मसुद्यात पहिल्या १० टक्के कालावधीत सूचना हवी असं होतं, अंतिम नियमांत ते माप राहिलं नाही.

तुमचे श्रोते दृष्टिहीन आहेत. मुखपृष्ठावर किंवा फाइलच्या वर्णनात लिहिलेलं लेबल त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. शिवाय पोरं पुस्तक पहिल्यापासून ऐकत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री थेट सातवा धडा लावतात, तोच व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलतात. म्हणून सूचना प्रत्येक धड्याच्या फाइलमध्ये हवी. आणि ती बाईंच्या कृत्रिम आवाजात नको. ‘हा माझा आवाज नाही’ असं त्याच आवाजानं सांगितलं तर ऐकणारा गोंधळेल. तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः बोला.

शुद्धलेखन

त्यात उच्चारांचंही एक वाक्य टाका. देवनागरीत दोन ‘च’ आणि दोन ‘ज’ एकाच अक्षरानं लिहितो. ‘सारं जग’ मधला ‘ज’ वेगळा आणि ‘तू जग’ मधला वेगळा. ‘चार’ आणि ‘चारा’ तसेच. यंत्र यात हमखास अडखळतं. बाईंसारख्या मराठीच्या शिक्षिकेच्या तोंडी चुकीचा ‘ज’ गेला तर पोरं म्हणतील, बाई चुकल्या.

धरमपेठकर

हे डोक्यातच आलं नव्हतं. बाई उच्चारावरून वर्ग थांबवायच्या. मग सूचना अशी : “हा आवाज संगणकावर तयार केलेला आहे. तो अमुक बाईंच्या जुन्या वाचनावरून, त्यांच्या संमतीने केला आहे. हे पुस्तक त्यांनी वाचलेले नाही. उच्चारातील चुका संस्थेच्या आहेत.” वाचून पाहिलं, साधारण पंधरा सेकंद लागतात. दर धड्याला पंधरा सेकंद म्हणजे पोरं कुरकुरणार.

महालची रेखा

पुस्तकाच्या सुरुवातीला चारही वाक्यं आणि धड्यांना फक्त पहिलं आणि तिसरं, असं नाही चालणार?

ध्वनितंत्री

चालेल. तिसरं मात्र कधीही गाळू नका.

धरमपेठकर

काल बाईंकडे जाऊन आलो. नमुना ऐकून त्या म्हणाल्या, “ही बाई श्वास कुठे घेते रे?” इतिहासाला हो म्हणाल्या, कवितांच्या पुस्तकाला स्पष्ट नाही. कागदावर तसंच घेतलं. पण तिथे नवीनच निघालं. पाच कॅसेटींत संवादाचे धडे आहेत आणि त्यात आमचे एक जुने कार्यकर्तेही वाचतात. ते आता नाहीत. त्यांची वाक्यं वेगळी न काढता आवाज तयार केला तर त्यांचाही आवाज त्यात मिसळतो का?

ध्वनितंत्री

मिसळू शकतो. नमुन्यात दोन माणसं असतील तर तयार झालेला आवाज मध्येच बदलल्यासारखा होतो, आणि त्यांची संमती तर तुमच्याकडे नाहीच. त्यांची वाक्यं कापून काढता येतील, पण दोघं एकाच वेळी बोलतात तिथे जमणार नाही. बाईंचं एकटीचं वाचन पुरेसं असेल तर त्या पाच कॅसेटी सरळ बाजूला ठेवा. एकटीचं किती तास आहे?

धरमपेठकर

मोजलेलं नाही. काही कॅसेटींना बुरशी लागलीये. रविवारी बसून लावून बघतो.