मदत हवी आहे: ऑडिटरने मिनिट्स बुक मागितलंय, सह्या आणि पान क्रमांकांचा घोळ आहे

इचलकरंजीकर:
आमची यंत्रमागाची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, मी तिथे अकाउंट्स बघतो. यंदा ऑडिटर नवीन आहेत. त्यांनी 2024-25 साठी बोर्डाचं आणि सर्वसाधारण सभेचं अशी दोन्ही मिनिट्स बुकं मागितली आहेत. परिस्थिती अशी:

बोर्डाच्या सभा 18 जून आणि 14 डिसेंबर 2024 ला झाल्या, एजीएम 28 सप्टेंबरला. जून आणि एजीएमचे अध्यक्ष आमचे मोठे शेठ होते. ऑक्टोबरच्या मध्यावर ते वारले. या दोन्ही सभांच्या मिनिट्सवर सही नाही. डिसेंबरची सभा धाकट्या शेठनी चालवली, तिच्यावर त्यांची सही आहे. मिनिट्स टाइप करून बांधीव रजिस्टरमध्ये चिकटवली आहेत. प्रत्येक सभेचा पान क्रमांक 1 पासून सुरू होतो आणि मध्ये काही पानं कोरी आहेत.

धाकटे शेठ म्हणतात, जुनी तारीख घालून सह्या करून टाकू. मला ते पटत नाही. नेमकं काय करावं?

पुस्तकी_सीएस:
मी सीएस करतेय. 30 दिवसांत अध्यक्षांची सही झाली नसेल तर दोन्ही मिनिट्स गेलीच. शिवाय प्रत्येक पानावर पूर्ण सही आणि कंपनीचा शिक्का लागतो.

सचिव_आण्णा:
आमच्या हाउसिंग सोसायटीत पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करतात आणि मग सही होते. तसंच करा की.

जमाखर्च:
आण्णा, सोसायटीला सहकार कायदा लागतो, इथे कंपनी कायद्याचं कलम 118 आणि नियम 25. पण तुमचं म्हणणं बोर्डाच्या सभेला बरंचसं जुळतं. 30 दिवस आहेत ते मिनिट्स बुकात नोंद करायला. बोर्डाच्या मिनिट्सवर त्या सभेचा किंवा लगेच पुढच्या सभेचा अध्यक्ष सही करू शकतो. म्हणजे जूनच्या मिनिट्सवर धाकटे शेठ डिसेंबरच्या सभेचे अध्यक्ष म्हणून सही करू शकतात. प्रत्येक पानावर छोटी सही पुरते. शेवटच्या पानावर पूर्ण सही, तारीख आणि ठिकाण. शिक्क्याची गरज नाही.

एजीएमचं वेगळं आहे. तिथे त्याच सभेच्या अध्यक्षाने 30 दिवसांत सही करायची असते. त्या मुदतीत तो वारला, तर बोर्डाने अधिकार दिलेला संचालक सही करतो. तुमची मुदत 28 ऑक्टोबरला संपत होती आणि शेठ त्याआधी गेले, म्हणून ही वाट मोकळी आहे. बोर्डाची सभा घ्या, ठराव करा, मग सही करा. उशीर झाला तो झाला. तारीख मात्र ज्या दिवशी सही कराल तीच टाका.

मागची तारीख का नको, ते सांगतो. जूनच्या सभेत कॅश क्रेडिटचा ठराव झाला होता का? झाला असेल तर बँकेला त्याची प्रमाणित प्रत गेली असणार. मी ऑडिटला बसलो की ती प्रत आणि बुक शेजारी ठेवतो. रक्कम, तारीख, सहीचा अधिकार कोणाला दिला, हे शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. मग हजेरीपत्रक बघतो. संचालकांकडून कर्ज घेतलं असेल तर त्याचा ठराव लेजरमधल्या नोंदीच्या आधीचा आहे का, तेही बघतो. मिनिट्समध्ये फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मिनिट्समधल्या त्रुटीला कंपनीला 25,000 आणि जबाबदार अधिकाऱ्याला 5,000 दंड. दोन्हींतला फरक शेठना नीट समजावून सांगा.

इचलकरंजीकर:
हो, 75 लाखांच्या सीसीचा ठराव जूनचाच आहे, बँकेला प्रत दिली होती. काढून बघतो. आणि कोऱ्या पानांचं?

जमाखर्च:
कोरं पान म्हणजे मागाहून एखादा ठराव घुसवायला जागा, म्हणून ऑडिटरची नजर तिथे आधी जाते. पानावर तिरकी रेघ मारा आणि सही करणाऱ्या अध्यक्षाची छोटी सही घ्या. मजकूर संपल्यावर सहीपर्यंत मोकळी जागा उरली असेल तर तीही खोडा. क्रमांक बुकाचा असतो, सभेचा नसतो. जून 33 वर संपला तर पुढची सभा 34 वर. नवीन बुक बांधलं तरी आकडा पुढेच चालतो.

पुस्तकी_सीएस:
धन्यवाद, नोंद आणि सही मी एकच धरत होते. पण चिकटवणं तर नियमातच मना आहे ना? मग ती पानं काढून परत लिहायला हवीत.

जमाखर्च:
मना आहे, बरोबर. पण सही झालेलं डिसेंबरचं पान मी उपटणार नाही. जुनं तसंच ठेवून पुढे सुटी क्रमांकित पानं वापरा आणि ठरावीक काळाने बांधून घ्या.

फाइलवाला:
मी असतो तर बिनसहीची जूनची मिनिट्स नव्या पानावर उतरवून घेतली असती, चिकटवलेल्यावर सही नको. डिसेंबरच्या पानाबद्दल सहमत.

इचलकरंजीकर:
यावर आमच्या ऑडिटरांना विचारूनच हात लावतो. एजीएमच्या अधिकाराच्या ठरावासाठी बोर्डाच्या सभेची नोटीस आज काढतोय.