मदत हवी आहे: परदेशी वकिलाची 'शेवटची फी' संपतच नाही

आमच्याच आडनावाचा कुणी बेवारस वारला, त्याच्या ठेवीचे वारस तुम्ही, अशी ईमेल काकांना आली. आधी प्रतिज्ञापत्राचे 150 डॉलर, मग ट्रान्सफरचे 600, आता 'मनी लाँडरिंग नसल्याच्या दाखल्या'चे 2,200. प्रत्येक वेळी हीच शेवटची! फी ठेवीतूनच कापा म्हटलं, तर म्हणे रक्कम सील आहे. वकिलाचा पत्ता फुकटच्या ईमेलचा. त्याचं नाव तिथल्या बार असोसिएशनच्या यादीतही नाही. काकांना हे पटतं, पण 'आता थांबलो तर आधीचे 750 बुडाले' म्हणतात. तिसरा हप्ता अजून गेलेला नाही. मात्र पासपोर्टची प्रत आणि खाते क्रमांक गेलाय. दुसरा हप्ता परवाच बँकेतून वायरने पाठवलाय. तो परत मागवता येईल का, आणि बँकेला नेमकं काय लिहून द्यायचं?