चष्म्याच्या 'मंदिरा'ला मराठीत काय म्हणायचं?

मृण्मयी: एका चष्मे-घड्याळांच्या दुकानाची यादी मराठीत करून देतेय. आधी कुणीतरी केलेला मसुदा हातात आलाय, त्यात फ्रेमखाली लिहिलंय 'मंदिराची लांबी 140 मिमी'. टेम्पलचं मंदिर! हसून झालं आणि मग मीच अडकले. आमच्याकडे तिला काडी म्हणतात. सासूबाई म्हणतात, काडी आगपेटीत असते, चष्म्याला दांडी असते. आणि घड्याळाच्या रकान्यात 'ऑटोमॅटिक हालचाल' आहे. या मूव्हमेंटचं काय करू?

काचवाले_काका: काडीच लिहा. तीस वर्षं दुकानात बसतोय, गिऱ्हाईक 'काडी ढिली झाली' असंच म्हणत येतं. इंग्रजी शब्द कानशिलावरून आलाय, देवळाचा संबंध नाही. पण आकडे नीट लिहा हो. काडीच्या आत 52□18-140 असं छापलेलं असतं. 52 ही एका काचेची रुंदी, 18 नाकावरचं अंतर, 140 ही बिजागरीपासून कानामागच्या टोकापर्यंतची काडी, वळण धरून. लोक 52 म्हणजे अख्खी फ्रेम समजतात आणि घरी नेऊन परत आणतात.

शुद्धमती: 'काच' चूक. भिंग म्हणा. चष्माही फारसीच, 'उपनेत्र' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे.

काचवाले_काका: उपनेत्र म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. आणि भिंग म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं करून दाखवणारं फुगीर भिंग येतं. ज्याला लांबचं दिसत नाही त्याची काच मधे पातळ, कडेला जाड असते, तिच्यातून वस्तू लहानच दिसते.

वऱ्हाडी: आता काचही कुठं राहिली म्हणा, सगळं प्लास्टिक. आपलं तर एकच, फ्रेम मोठी घ्यायची. काच मोठी तितकं दिसतं मोठं!

काचवाले_काका: मोकळं दिसतं हे खरं, पण जाड नंबर असला तर भोवतं. मागच्या महिन्यात एक मुलगा आला, नंबर उणे सहा. त्यानं 52-18 ची फ्रेम धरली. 52 अधिक 18 झाले 70, म्हणजे फ्रेमच्या दोन काचांचे मध्य एकमेकांपासून 70 मिमीवर. त्याच्या बुबुळांमधलं अंतर 62. मग प्रत्येक काचेचा केंद्रबिंदू 4 मिमी नाकाकडे सरकवावा लागतो आणि बाहेरची जाड कड तेवढी जास्त उरते. 46-18 घेतली तर मध्य 64 वर येतात, सरकवायचं फक्त 1 मिमी. चष्मा हलका झाला, कडही दिसेना.

शुद्धमती: बुबुळ नव्हे. मधलं काळं भोक म्हणजे बाहुली, बुबुळ तिच्या भोवतालचं.

काचवाले_काका: पुस्तकात तसं असेल. आम्ही मोजतो बाहुलीपासून आणि म्हणतो बुबुळ.

चावीवाला: मूव्हमेंटला घड्याळजी 'मशीन' म्हणतो, दुसरं काही नाही. मशीन चावीचं, सेलचं, किंवा ऑटोमॅटिक. 'स्वयंचलित' लिहू नका. आमच्या आत्याला तसं दिलं तर तिला वाटलं सेलचं. दोन दिवस कपाटात ठेवलं आणि बंद पडलं म्हणून परत करायला निघाली. ते मनगट हललं तरच स्वतःला चावी देतं.

मृण्मयी: म्हणजे ते हालचालीवरच चालतं! मसुदावाला अगदीच चुकला नव्हता तर.

चावीवाला: चुकलाच. त्याला मशीन म्हणायचं होतं. सेकंदाचा काटा बघा: सेलच्या घड्याळात बहुधा सेकंदाला एक उडी, चावीच्यात बारीक बारीक सरकतो.

वऱ्हाडी: बाबांचं एचएमटी होतं चावीचं. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की चावी. पट्टा तुटला म्हणून मी 20 चा आणला, घड्याळाच्या कानांमधलं अंतर 18. दुकानदारानं बाजू कापून बसवून दिला. महिन्यात सुटून पडलं मोरीत.

चावीवाला: म्हणूनच यादीत 'पट्टा 20 मिमी' नुसतं लिहू नका, 'कानांमधली रुंदी' लिहा. डायल 42 ची असली तरी पट्टा 20 किंवा 22 असू शकतो, डायलवरून काही कळत नाही. शिवाय तोच पट्टा बकलेकडे 18 किंवा 16 पर्यंत निमुळता होतो, तिथं मोजाल तर फसाल.

शुद्धमती: चष्म्याला कान नाही, काडी, घड्याळाला मात्र कान. मजा आहे.

वऱ्हाडी: काडीमोड हा शब्द चष्म्यावरूनच आला असणार. बायकोनं चष्म्यावर बसकण मारली की मोड.

शुद्धमती: काडीमोडीचा चष्म्याशी काडीचा संबंध नाही. गवताची काडी मोडत असत.

मृण्मयी: काडी, मशीन, कानांमधली रुंदी. तीन झाले. आता यादीत 'बायफोकल' आणि 'प्रोग्रेसिव्ह' राहिलेत. सासूबाई दोघांनाही 'रेघवाला' म्हणतात.

काचवाले_काका: प्रोग्रेसिव्हला रेघ नसते, त्याचीच तर जादा किंमत घेतो.