मदत हवी आहे: टॅलीत गिफ्ट कार्डचं लेजर मायनस दाखवतंय

साडीघर_सातारा
आमचं साड्यांचं दुकान आहे, दिवाळीत पहिल्यांदाच गिफ्ट कार्ड काढली, ११०० आणि २१०० ची, दीड लाखाची खपली. आता टॅलीत करंट लायबिलिटीजखाली गिफ्ट कार्डचं लेजर मायनस ६४,००० दाखवतंय आणि सीए विचारतात हे काय आहे. सगळ्या एन्ट्र्या तीनदा बघितल्या, बरोबर आहेत. प्लीज लवकर सांगा, उद्या त्यांच्याकडे जायचंय.

बिलबहाद्दर
टॅली सोडा. चांगलं पीओएस घ्या, कार्ड स्कॅन केलं की सगळं आपोआप होतं. मी दोन वर्षांपूर्वी बदललं, सुटलो.

जमाखर्च
ताई, कार्ड विकलं तेव्हा एन्ट्री काय केलीत? आणि कार्ड वापरलं तेव्हा काय केलीत? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

साडीघर_सातारा
विकलं तेव्हा सेल्स, अजून काय असणार, पैसे आले ना. वापरलं की साडीचं बिल आणि पेमेंटच्या जागी गिफ्ट कार्डचं लेजर.

जमाखर्च
मग सापडलं. त्या लेजरमध्ये जमा कधी झालंच नाही, फक्त नावे पडत गेलंय. म्हणजे ६४,००० ची कार्डं वापरून झाली आणि तेवढी विक्री दोनदा धरली गेली, एकदा कार्डाची आणि एकदा साडीची. कार्ड विकलं तेव्हा तुम्ही काहीच विकलेलं नसतं, साडी कपाटातच असते. ते पैसे गिऱ्हाइकाचं देणं. बँक नावे, गिफ्ट कार्ड देणे जमा, बस. नंतर बाई २६२५ ची साडी घेते, २१०० चं कार्ड देते, ५२५ यूपीआय करते, तेव्हा देणं २१०० ने कमी होतं, बँकेत ५२५ येतात आणि विक्री पूर्ण साडीची पडते, २५०० अधिक १२५ जीएसटी.

तात्या_हिशोबनीस
पण जीएसटी पैसे आले त्याच दिवशी लागतो. ऍडव्हान्स आहे हा. आम्ही असंच शिकलो.

जमाखर्च
तात्या, मालावरच्या ऍडव्हान्सला ते नोव्हेंबर २०१७ मध्येच काढलं, आता सेवांपुरतंच आहे. व्हाउचरबद्दल तर ३१ डिसेंबर २०२४ चं सर्क्युलर आहे, व्हाउचरचा व्यवहार म्हणजे मालाचा पुरवठाही नाही आणि सेवेचाही नाही. कर साडीच्या बिलावर. ताई, कार्ड विकताना जीएसटी लावला होतात का?

साडीघर_सातारा
बिल काढलं की सॉफ्टवेअर ५ टक्के लावतंच, आतल्या आत. हे सांगायचं राहिलं.

जमाखर्च
हेच मोठं होतं की हो! म्हणजे दीड लाखात १,४२,८५७ सेल्स आणि ७,१४३ जीएसटी पडलाय. ते दोन्ही उलटवा, समोर गिफ्ट कार्ड देणे १,५०,००० जमा. लेजर मायनस ६४ वरून ८६,००० जमेला येईल. जीएसटीआर-१ मधली दुरुस्ती क्रेडिट नोटने, वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबरच्या आत, पण ते सीएंना विचारूनच करा.

नेहा_ठाणे
माझ्याकडे एका मॉलचं ३००० चं कार्ड होतं, तारीख उलटली म्हणून घेतलं नाही. पैसे परत मिळतील का?

बिलबहाद्दर
तुमचेच पैसे त्या मॉलवाल्याच्या नफ्यात गेले, हा धागा त्याचाच आहे :)

तात्या_हिशोबनीस
बरं, मुदत संपलेल्यांचं काय? मी ३१ मार्चला उरलंसुरलं सगळं उत्पन्नात टाकतो. सोपं.

जमाखर्च
कार्डावर तारीख असेल आणि ती उलटली तरच. शिवाय जुनं कार्ड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही परत पाठवता का?

तात्या_हिशोबनीस
छे, नेहमीची माणसं, कोण नाही म्हणणार.

जमाखर्च
मग देणं संपलंच कुठे? तुम्ही मानताय तोवर ते उभंच. खरोखर न वापरलेलं राहिलं तर त्यावर जीएसटी नाही, त्याच सर्क्युलरमध्ये आहे, पण उत्पन्नात घ्यावंच लागतं.

तात्या_हिशोबनीस
मग मरेपर्यंत ठेवायचं का? मला नाही पटत.

साडीघर_सातारा
अहो भांडू नका. साडी परत घेऊन जमा चिठ्ठी देतो, तीही याच लेजरला टाकू का?

जमाखर्च
वेगळं लेजर करा. तिथे आधी विक्री परत येते, जीएसटीही उलटतो आणि साडी स्टॉकमध्ये. देणं दोन्हीकडे, पण वाट वेगळी. आणि हो, कार्डांची वही असेल तर न वापरलेल्यांची बेरीज ८६,००० येते का बघा.

साडीघर_सातारा
वही काढली. ८३,९०० येतेय. २१०० कमी.

जमाखर्च
म्हणजे एक कार्ड वहीत वापरलं म्हणून खोडलंय, पण बिलात पेमेंट कॅश टाकलं असणार. २१०० ने गल्ला कमी भरलेला दिवस शोधा.

साडीघर_सातारा
भाऊबीज! त्या दिवशी २१०० कमी होते आणि आम्ही सगळ्यांनी धाकट्या दिरांना बोललो. आता त्यांना फोन करते.