मदत हवी आहे: तालमीच्या पेजवर शिव्यांचा पूर, नियम आणि नोटीस कशी लिहायची?

पेठेतला_फॅन
आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचं पेज मी बघतो. रविवारची मॅच झाल्यापासून कमेंटमध्ये नुसत्या आयाबहिणीवरनं शिव्या चालल्यात, काल नोटीस टाकली तर अजूनच पेटलं. शांत शब्दात एक नोटीस पाहिजे आणि कमेंटचे चार नियम, उद्या संध्याकाळच्या आत. कुणाकडं तयार असलं तर टाका की लगेच.

रंकाळा_काठ
तयार कुणाचं तरी चिकटवून चालणार नाही. आधी सांग, फेसबुक का इन्स्टा? शिव्या देणारे समोरच्या पेठेचे का आपलेच? अ‍ॅडमिन किती? आणि कालची नोटीस जशीच्या तशी टाक इथं.

पेठेतला_फॅन
फेसबुक. दोन्हीकडचे आहेत पण सुरुवात त्यांनी केली. नोटीस ही: "शिवीगाळ करणाऱ्या समाजकंटकांची गय केली जाणार नाही. कायदेशीर कारवाई करण्यात येईल." खाली शंभरावर हसायचे इमोजी पडले. कमेंट मी हाइड करतोय तरी तिथंच भांडणं चालूच आहेत, हे कसं काय?

मिसळ_कट्टा
आमच्या हॉटेलच्या पेजवर पण कुणीतरी मुद्दाम वाईट रिव्ह्यू टाकायलं होतं, मी सेटिंगमध्ये जाऊन रिव्ह्यूच बंद केले. विषय संपला. तू पण कर.

पेठेतला_फॅन
रिव्ह्यूचा प्रश्नच नाही भावा, कमेंटचा आहे.

निवृत्त_गुरुजी
नोटिशीत आयटी कायद्याचं कलम ६६अ स्पष्ट लिहा. कलम दिसलं की पोरं गप्प बसतात, माझा अनुभव आहे.

रंकाळा_काठ
गुरुजी, ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलंय. ते लिहिलं तर एखादा वकिलीचा पोरगा खाली येऊन हेच सांगणार आणि नोटिशीची किंमत शून्य होणार. अश्लील मजकुराचं कलम ६७ अजून आहे, धमकीसाठी वेगळी कलमं आहेत, पण ती पोलिसांकडं जाताना. नोटिशीत कशाला?

आता हाइडचं. मी एका पेपरचं पेज चार वर्षं बघत होतो म्हणून सांगतो. फेसबुकवर कमेंट हाइड केली की ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फ्रेंडलिस्टला दिसतच राहते, बाकीच्यांना दिसत नाही. लिहिणाऱ्याला तसा काही मेसेजही जात नाही. म्हणून त्याचे मित्र तिथंच खाली उत्तरं देत बसतात. खरंच लपली का बघायचं असेल तर त्याच्या ओळखीत नसलेल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोस्ट उघडून बघ. डिलीट केलं तर मात्र खालची उत्तरंही जातात आणि परत आणता येत नाही. चूक झाली तर हाइड उलटवता येतं, त्यामुळं शिवीला हाइड पुरतं. धमकीचा मात्र आधी स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक आणि तारखेसकट, मगच हाइड.

अ‍ॅडमिन किती ते अजून सांगितलं नाहीस.

पेठेतला_फॅन
चौघं. आणि मी पेजच्या ब्लॉक करायच्या शब्दांच्या लिस्टमध्ये आई, आय, भैन असं सगळं टाकून ठेवलंय, तरी काही शिव्या मधे टिंब टाकून येतातच.

महाद्वार_रोड
थांबा, म्हणून माझी कमेंट गायब झाली होय? रविवारी सकाळी मी "आई अंबाबाई पोरांना यश दे" लिहिलेलं, माझ्या धाकट्या भावानं सांगितलं की आम्हाला दिसलीच. शेजारच्या काकी म्हणाल्या की नाही. मला वाटलं मी चुकून पुसली.

पेठेतला_फॅन
आयला. ताई, सॉरी. आत्ताच उघडतो.

रंकाळा_काठ
कोल्हापुरात आई शब्द ब्लॉक केलास तर निम्मं गाव लपलं बघ. लिस्टमध्ये एक हजारापर्यंत शब्द बसतात, पण एकटा साधा शब्द टाकायचा नाही. अख्खी शिवी टाक, देवनागरीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत लोक जशी टाइप करतात तशी दोन-तीन प्रकारे. जातीचं नाव एकटं टाकू नको, चांगल्या अर्थानं लिहिणारेही त्यात सापडतात. आणि आठवड्यातून एकदा लपलेल्या कमेंट उघडून वाच. टिंबवाल्या शिव्या हातानंच काढाव्या लागणार.

पेठेतला_फॅन
बरं. अजून एक सांगायचं राहिलं. समोरच्या पेठेच्या पोरांनी एक स्क्रीनशॉट फिरवलाय, त्यात त्यांच्या शिव्या लपल्यात आणि आपल्या एका समर्थकाची तसलीच शिवी तशीच आहे. आमच्यातल्या एका अ‍ॅडमिननं ती मुद्दाम ठेवली. तो म्हणतो, घरचं पोरगं आहे.

रंकाळा_काठ
मग हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं ना! भडका त्यामुळंच उडालाय. आज आधी ती शिवी लपवा, मगच नोटीस टाका. आणि नोटिशीत ते कबूल करा.

महाद्वार_रोड
आणि त्या अ‍ॅडमिनला काढा.

निवृत्त_गुरुजी
काढायचं कशाला, समज द्या. तालमीत माणसं तोडायची नसतात.

रंकाळा_काठ
ते तुमचं तुम्ही ठरवा. नियम कमेंटमधल्या शब्दांवरच ठेवा, माणूस कुठल्या पेठेचा यावर नाही. तीनच पुरे: शिवी आणि जातीवरून किंवा घरच्यांवरून बोलणं लपणार, धमकी लपणार आणि पुन्हा आली तर बॅन, टीका राहणार. बॅन केलेल्याला आपल्या पेजवर कमेंट करता येत नाही, पण तो पोस्ट शेअर करून दुसरीकडं बोलू शकतो, त्यामुळं लगेच बॅनचा हट्ट नको. परवाच्याच कमेंट यात बसवून बघ.

पेठेतला_फॅन
बसवल्या. "कोचला काही कळत नाही, घरी बसवा" ही राहणार. "स्टेडियमच्या बाहेर भेट मग दाखवतो" ही स्क्रीनशॉट काढून लपवली. "गोलकीपरनं पैसे खाल्ले, मॅच विकली" याचं काय करू? शिवी तर नाही.

महाद्वार_रोड
लपवा. पोराच्या घरी आईवडील वाचतात हे. पुरावा नसताना नाव घेऊन असं लिहिणं शिवीपेक्षा वाईट.

मिसळ_कट्टा
मग उद्या कुणी रेफ्रीबद्दल बोललं तरी लपवणार? मग टीका राहणार असं लिहू नका.

रंकाळा_काठ
यावर आमच्यात पण एकमत झालं नव्हतं. मी स्वतः नाव घेतलं असेल तर लपवून, "पुरावा असेल तर संघटनेकडे द्या" असं एकदा खाली लिहायचो. तरी लोक चिडायचे.

नोटिशीचा मसुदा घे, हवा तसा बदल:

"रविवारच्या सामन्याच्या पोस्टवरील काही कमेंट लपवल्या आहेत. त्यांत शिव्या, खेळाडूंच्या घरच्यांबद्दल वाईट बोलणं किंवा धमकी होती. आमच्या एका समर्थकाची तशीच कमेंट उशिरा लपवली, ती आमची चूक. एका शब्दामुळे काही साध्या कमेंटही लपल्या होत्या, त्या परत दिसतील. खेळावरची, कोचवरची, आमच्यावरची टीका तशीच राहील. तुमची कमेंट चुकून लपली असं वाटलं तर पेजला मेसेज करा, दोन दिवसांत उत्तर देऊ."

समाजकंटक, गय, कारवाई हे तिन्ही शब्द गेले बघ. कुणाचं नाव नाही. ही पोस्ट पेजवर सगळ्यात वर पिन कर आणि भांडणाच्या पोस्टखालीही चिकटव, कारण भांडणारी माणसं पेजवर येत नाहीत, तिथंच असतात. दोन दिवस म्हटलंय तर मेसेज बघायला एका माणसाचं नाव आजच ठरवा.

पेठेतला_फॅन
मेसेज मी बघतो. "आमची चूक" वर आमच्या तिघांचं अडलंय, म्हणतात समोरचे त्याचाच स्क्रीनशॉट फिरवतील.

महाद्वार_रोड
फिरवू देत की. आत्ता फिरतोय तो जास्त वाईट आहे.

पेठेतला_फॅन
खरंय. रात्री तालमीत बसून बोलतो, ती ओळ ठेवूनच टाकायचा विचार आहे. ताई, तुमची कमेंट उघडली, दिसते का बघा.

महाद्वार_रोड
काकींच्या मोबाइलवर बघितली. दिसली.